३०–१७, २३०–४६ आणि एक प्रश्न

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला निवडणूक पद्धती शिकवायला घेतल्या की दहाव्या मिनिटाला वर्गात पक्ष शिरतात. मुंबईत तर शिरणारच. २०२४च्या उन्हाळ्यात लोकसभा झाली, नोव्हेंबरात विधानसभा, आणि २०२६च्या जानेवारीत महापालिका. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांच्या घरी पेढे वेगवेगळ्या निकालांना आले. अशा वर्गात ‘कोणती पद्धत चांगली?’ असं विचारलं की उत्तर पद्धतीबद्दल येत नाही, गेल्या निकालाबद्दल येतं. ज्याचा पक्ष हरला तो पद्धतीला नावं ठेवतो, ज्याचा जिंकला त्याला घटनाकारांची दूरदृष्टी आठवते.

यावर आम्हा शिकवणाऱ्यांचा ठरलेला तोडगा असतो. वाद नको, म्हणून प्रश्नच असा घालायचा: ‘सर्वाधिक मतांची पद्धत आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व पद्धत यांतील फरक सांगून दोन्हींचे गुणदोष लिहा.’ पहिलीत मतदारसंघात ज्याला जास्त मतं तो जिंकतो, दुसरीत पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. दहा गुण. दोन्ही बाजूंना सारखी जागा मिळाली, कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, तपासायलाही सोपं. पण हा प्रश्न तटस्थ आहे, हे मला मान्य नाही. त्यात एक बाजू आधीच घेतलेली असते, फक्त ती गाइडच्या पानात लपलेली असते.

पानावर काय असतं ते बघा. पहिल्या पद्धतीचे गुण: सोपी, मतदाराला आपला प्रतिनिधी कोण ते कळतं, स्थिर सरकार. दुसरीचे दोष: गुंतागुंतीची, पक्ष फार होतात, अस्थिर सरकार. विद्यार्थी हे पाठ करून उतरवतो आणि आपण त्यावर बरोबरची खूण करतो. म्हणजे ‘स्थिर सरकार’ हा जो तपासायचा दावा होता, तो आपण गुण म्हणून मान्य करून टाकला. १९९६ ते १९९९ या काळात आपल्याकडे तीन वेळा लोकसभेची निवडणूक झाली. पद्धत तीच होती, सर्वाधिक मतांची. उलट न्यूझीलंडने १९९६मध्ये प्रमाणशीर पद्धतीने पहिली निवडणूक घेतली. त्यानंतर २०२०पर्यंत तिथे एकाही पक्षाला एकट्याच्या बळावर बहुमत मिळालं नाही, तरी निवडणुका साधारण तीन-तीन वर्षांनी, म्हणजे ठरल्या मुदतीच्या आसपासच होत राहिल्या. मग प्रमाणशीर पद्धत स्थिर म्हणायची का? तर इस्रायलने एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात पाच निवडणुका पाहिल्या, आणि तिथली पद्धतही प्रमाणशीरच. स्थैर्याचा संबंध पद्धतीशी आहे, पण पक्षांची रचना, सरकार पाडायचे नियम, आघाडी करायची सवय हेही त्यात असतं. ‘गुणदोष लिहा’ म्हटलं की ही सगळी चर्चा एका ओळीत गाडली जाते.

दुसऱ्या टोकाचा प्रश्न तरुण प्राध्यापकांना आवडतो: ‘३७ टक्के मतांवर ३०३ जागा देणारी पद्धत न्याय्य आहे का?’ आकडे खरे आहेत, २०१९च्या लोकसभेत भाजपला तेवढी मतं आणि तेवढ्या जागा मिळाल्या. पण प्रश्न वाचताच विद्यार्थ्याला कळतं की मॅडमना ‘नाही’ हवंय. उदाहरण एकाच पक्षाचं आहे, ‘न्याय्य’ म्हणजे काय ते सांगितलेलं नाही, आणि वाक्याची घडणच आरोपपत्राची आहे. ज्याला हा पक्ष आवडतो तो विद्यार्थी पुढची अर्धी तासिका पद्धतीचा विचार करत नाही, बचाव तयार करत बसतो. त्याला दोष कसा देणार?

माझं म्हणणं असं की या विषयावरचा प्रश्न तीन थरांचा असतो आणि समतोल फक्त एकाच थरात लागतो. मतांच्या जागा कशा होतात हे गणित आहे, त्याला एक बरोबर उत्तर असतं. पद्धत बदलली तर पक्ष आणि मतदार कसे वागतील हा कार्यकारणाचा प्रश्न, तिथे पुरावा तोलायचा असतो. आणि स्थिर बहुमताला जास्त किंमत द्यायची की मतांच्या हिशेबाला, हे मूल्यांचं आहे. शिकवणाऱ्याने हात मागे घ्यायचा तो इथे. तिन्ही थर एका वाक्यात कोंबले की गणितात मतभेद सुरू होतात आणि मूल्यांना ‘बरोबर उत्तर’ मिळतं.

हे महाराष्ट्राच्याच आकड्यांवर करून पाहू. २०२४ हे वर्ष शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने सोन्यासारखं आहे. त्या वर्षी लोकसभेला राज्यात महाविकास आघाडी आणि महायुती या दोघांनाही ४३ ते ४४ टक्क्यांच्या दरम्यान मतं पडली. फरक जेमतेम होता. जागा मात्र ४८ पैकी आघाडीला ३०, महायुतीला १७, आणि एक सांगलीत अपक्षाला. पुढे काही महिन्यांनी विधानसभा झाली. महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के मतं आणि २८८ पैकी २३० जागा. आघाडीच्या तीन मुख्य पक्षांना सुमारे ३४ टक्के मतं आणि ४६ जागा.

ही जोडी एकत्र ठेवायची, सुटी नाही. नुसती विधानसभा ठेवली तर प्रश्न एका बाजूला झुकतो, नुसती लोकसभा ठेवली तर दुसऱ्या. दोन्ही समोर असले की जूनमध्ये खूश असलेला विद्यार्थी नोव्हेंबरात अडचणीत येतो, आणि त्याच्या शेजारचा उलट क्रमाने. पक्षांची नावं झाकून ‘क्ष’ आणि ‘य’ लिहावं असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. आमची पोरं दोन मिनिटांत ओळखतात, आणि मग मॅडमनी काय लपवलं यावरच कुजबुज सुरू होते. नावं राहू द्यावीत; झुकाव काढायचं काम जोडीच करते.

मग पहिला उपप्रश्न निव्वळ गणिताचा. ‘मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या असत्या तर दोन्ही निवडणुकांत किती आल्या असत्या?’ लोकसभेला ४८ला ४३.७ टक्क्यांनी गुणलं की २१ येतात, दुसऱ्या आघाडीलाही २१च, आणि उरलेल्या सहा इतरांच्या. विधानसभेला ४८ टक्क्यांच्या १३८, ३४ टक्क्यांच्या ९८, इतरांच्या ५२. बहुमताचा आकडा १४५. म्हणजे ज्या महायुतीला प्रत्यक्षात प्रचंड बहुमत मिळालं, ती या हिशेबात बहुमताच्या सात जागा अलीकडे थांबते. तरीही ती दुसरीपेक्षा चाळीस जागांनी पुढेच राहते. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. विद्यार्थ्याने एकच लिहिलं तर मी समासात दुसरं लिहून परत देते.

इथवर वाद होत नाही. वर्गात शांतपणे कॅल्क्युलेटर चालू असतात. गडबड पुढे होते, कारण पोरं लगेच निष्कर्ष काढतात की ‘खरा’ निकाल २१–२१ होता आणि पद्धतीने तो बिघडवला. हे चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे ते प्रश्नातूनच बाहेर यायला हवं.

अजित पवारांच्या राष्ट्रवादीने त्या लोकसभेला ४८पैकी चारच जागा लढवल्या होत्या. राज्यातल्या एकूण मतांत त्यांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या थोडा वर आला. उरलेल्या ४४ मतदारसंघांत घड्याळाला मत द्यायची सोयच नव्हती. आता जर्मनीसारखी किमान पाच टक्क्यांची अट या आकड्याला लावली तर पक्षाला शून्य जागा येतात, जे हास्यास्पद आहे, कारण तो आकडा त्यांच्या पाठिंब्याचा नव्हताच, जागावाटपाचा होता. काँग्रेसचंही तेच, १७ ठिकाणी उमेदवार, बाकी ठिकाणी मित्रपक्षाचा प्रचार. मुळात सहा पक्षांच्या दोन आघाड्या निवडणुकीआधी बांधल्या गेल्या त्या, मतं फुटली तर तिसराच निवडून येतो या भीतीने. ती भीती सध्याच्या पद्धतीतून येते. पद्धत बदलली तर पक्ष सगळीकडे उभे राहतील, आघाड्या निकालानंतर होतील, आणि ‘आपला निवडून येणार नाही, मग त्याला कशाला मत वाया घालवायचं’ असं म्हणणारा मतदारही वेगळा वागेल. जुन्या नियमांनी पडलेली मतं नव्या नियमांनी मोजून मिळतो तो अंदाजसुद्धा नव्हे, ते फक्त पद्धतीच्या परिणामाचं माप आहे.

म्हणून माझ्या प्रश्नात एक वाक्य कायम असतं: ‘पक्ष व मतदार आत्ता वागले तसेच वागले असते, असे गृहीत धरा.’ आणि त्याच्या खालीच दुसरा उपप्रश्न: ‘हे गृहीतक कोणत्या ठिकाणी सर्वांत कच्चे आहे? या आकड्यांतले एक उदाहरण द्या.’ हुशार पोरं इथे चमकतात. एका मुलीने लिहिलं होतं की विधानसभेच्या आकड्यांत बंडखोर अपक्षांची मतं ‘इतर’ म्हणून मोजली जातात, पण ते बंडखोर ज्या पक्षातून बाहेर पडले त्याच पक्षाचे मतदार त्यांच्या मागे असतात. यादी पद्धतीत, म्हणजे मत उमेदवाराला नाही तर पक्षाच्या यादीला पडतं तिथे, बंडखोरी अशी होणारच नाही. मला हे सुचलं नव्हतं.

आता एक गोष्ट जी मुंबईच्या वर्गात खास होते. आमच्याकडे निम्मी मुलं ठाणे, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबईहून येतात. महापालिकेला मुंबईच्या मुलाने एकच मत दिलं, कारण इथे २२७ प्रभाग आणि प्रत्येकात एक नगरसेवक. डोंबिवलीच्या मुलीने मात्र अ, ब, क, ड अशा जागांसाठी वेगवेगळी बटणं दाबली. एकाच बाकावर दोन अनुभव. इतकं आयतं उदाहरण दुसऱ्या शहरात मिळणार नाही. पण त्यातून हमखास एक गैरसमज निघतो: चार नगरसेवक म्हणजे वेगवेगळ्या पक्षांना वाव, म्हणजे हीच ती प्रमाणशीर पद्धत.

तसं नाही. अ, ब, क, ड या चारही जागांची मोजणी वेगवेगळी होते आणि प्रत्येकीत ज्याला जास्त मतं तो जिंकतो. समजा एका प्रभागात तीन पक्ष आहेत, मतं ४०, ३५ आणि २५ टक्के, आणि मतदार आपल्या पक्षाचं पूर्ण पॅनेल चालवतात. ४० टक्केवाला चारही जागा नेतो. आता तोच प्रभाग चार छोट्या वॉर्डांत तोडला, आणि २५ टक्केवाल्या पक्षाचे मतदार एकाच वस्तीत एकवटलेले असले, तर त्याचा एक नगरसेवक येऊ शकतो. आणि खरोखर प्रमाणात वाटप केलं तर २–१–१ येतं. म्हणजे चारचा प्रभाग प्रमाणशीर पद्धतीपासून एक सदस्यीय वॉर्डाहूनही लांब जाऊ शकतो. यावर मी प्रश्न घालते: ‘चार सदस्यांचा प्रभाग ही प्रमाणशीर पद्धत आहे का? दिलेल्या मतांवरून तपासा.’ इथे दोन बाजू नाहीत. उत्तर ‘नाही’ आहे. समतोलाच्या नावाखाली इथेही ‘काही अंशी हो, काही अंशी नाही’ असं मान्य करणारा शिक्षक तटस्थ नसतो, चुकीचा असतो.

पण त्याच्या पुढचा प्रश्न खरोखर दोन बाजूंचा आहे. चार नगरसेवक असले की पाणी आलं नाही तर कुणाला धरायचं, हा रहिवाशाचा प्रश्न रास्त. दुसरीकडे, एकाशी पटलं नाही तर दुसऱ्याकडे जाता येतं, हेही रास्त. उत्तरदायित्व आणि पर्याय यांतलं काय जास्त महत्त्वाचं, हे मी सांगणार नाही. मात्र विद्यार्थ्याने निवड केली पाहिजे आणि त्या निवडीत काय गमावलं ते लिहिलं पाहिजे.

शब्दरचनेकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. ब्रिटनमध्ये २०११मध्ये पसंतीक्रमाच्या पद्धतीवर सार्वमत झालं, तेव्हा मूळ प्रश्नात सध्याची पद्धत आणि नवी पद्धत एकाच लांबलचक वाक्यात होती. तिथल्या निवडणूक आयोगाने सामान्य लोकांवर प्रश्न तपासून पाहिला आणि तो तोडायला लावला: आधी सध्या कोणती पद्धत आहे ते एका वाक्यात, मग तिच्याऐवजी दुसरी वापरावी का, ते दुसऱ्या वाक्यात. निकाल सुमारे ६८ टक्के ‘नको’ असा लागला. न्यूझीलंडने १९९२मध्ये त्याहून शहाणपणा केला. एका मतपत्रिकेवर दोन वेगळे प्रश्न: पद्धत बदलावी का, आणि बदलायची झाली तर दिलेल्या चारांपैकी कोणती. ‘बदल नको’ म्हणणाऱ्यालाही दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत होतं. आपल्या प्रश्नपत्रिकेत हे दोन्ही एकत्र केलेले असतात, म्हणून ‘सध्याची पद्धत मला आवडत नाही, पण यादी पद्धत तर त्याहून नको’ असं ज्याला वाटतं त्या विद्यार्थ्याला उत्तर लिहायला जागाच उरत नाही. अशी मुलं बरीच असतात.

यादीबद्दलचा त्यांचा संशय पोरकट नाही, हेही सांगायला हवं. यादीत वरचा क्रमांक कुणाला, हे पक्षाचा प्रमुख ठरवणार असेल तर आपल्याकडे काय होईल, याची कल्पना कुणालाही आहे.

आता या विषयावरचा सर्वांत नाजूक मजकूर. संविधान सभेत ४ जानेवारी १९४९ रोजी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला, तो मुख्यतः दोन कारणांनी. देशातल्या साक्षरतेचं प्रमाण पाहता मतदाराला ही पद्धत पेलणार नाही, आणि विधिमंडळात लहान-लहान गट होऊन सरकार टिकणार नाही. आमच्या वर्गात बाबासाहेबांचं नाव घेतलं की युक्तिवाद थांबतो. काहींना वाटतं आता विषय संपला, काहींना वाटतं यावर बोलणं धोक्याचं. त्यामुळे बहुतेक शिक्षक हा प्रसंग एका ओळीत उरकतात. माझ्या मते तो टाळणं हा बाबासाहेबांवरचाच अन्याय आहे, कारण त्यांनी निर्णय सुनावला नव्हता, कारणं दिली होती, आणि कारणं तपासता येतात.

मी विचारते: ‘या दोन कारणांपैकी कोणते कारण वस्तुस्थितीवर अवलंबून आहे, आणि १९४९नंतर ती वस्तुस्थिती किती बदलली? दुसरे कारण कोणत्या मूल्यावर अवलंबून आहे?’ १९५१च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के होती, २०११मध्ये सुमारे ७४. पहिलं कारण पुष्कळ पातळ झालं. दुसरं मात्र साक्षरतेने सुटत नाही. सरकार टिकण्याला किती किंमत द्यायची हा प्रश्न आजही तिथेच आहे. विद्यार्थ्याला या उत्तरात बाबासाहेबांच्या बाजूने किंवा विरोधात जावं लागत नाही. त्याला त्यांचं म्हणणं सोडवून बघावं लागतं. काही जण पुढे जाऊन १९५२ची आठवण काढतात: मुंबईतला दोन सदस्यांचा मतदारसंघ, मतदाराला दोन मतं, दोन्ही एकाच उमेदवाराला देण्याची मुभा नाही, आणि बाबासाहेबांचा पराभव. मतं एकाच उमेदवारावर साचवता आली असती तर काय झालं असतं, हे विचारायचा मोह मलाही होतो. पण तिथेही तीच अट: मतदार तसेच वागले असते असं धरून, आणि ते गृहीतक किती कच्चं ते लिहून.

सहकारी म्हणतात, एवढं करायला वेळ कुठे आहे, अभ्यासक्रम संपवायचा असतो. तक्रार खरी आहे. असा एक प्रश्न तयार करायला आकडे दोनदा तपासावे लागतात, आणि ऐंशी जणांच्या वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना ‘गुणदोष’ प्रश्नाच्या दुप्पट वेळ जातो. यावर माझ्याकडे सोपा उपाय नाही. मी गुणदोषांचे दोन प्रश्न काढून त्यांच्या जागी हा एक ठेवला, एवढंच.

गुण देताना मात्र मी कडक आहे. पाच गुण गणिताला आणि गृहीतकाला, त्यात मतभेदाला वाव नाही. उरलेले पाच निवडीला. गेल्या परीक्षेत दोन उत्तरं लागोपाठ आली. एकाने लिहिलं की २३०–४६ हा निकाल चालेल, कारण मतदाराला पाच वर्षांनी कुणाला जबाबदार धरायचं ते स्पष्ट कळतं. त्यासाठी महाविकास आघाडीला मत देणाऱ्या ३४ टक्के मतदारांचा आवाज सभागृहात सोळा टक्क्यांवर येतो, ही किंमत त्याने स्वतःहून मांडली. दुसरीने नेमकं उलट लिहिलं, आणि प्रमाणात वाटप झालं तर निकालानंतरच्या वाटाघाटी बंद खोलीत होतील हे कबूल केलं. दोघांना चार-चार दिले. तिसऱ्या उत्तरपत्रिकेत होतं की दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य असून देश, काळ व परिस्थितीनुसार निवड करावी. तिला एक दिला, तोही अक्षर वाचता आलं म्हणून. तो मुलगा गुण वाढवून मागायला आला होता. म्हणाला, ‘मॅडम, मी कुणाचीच बाजू घेतली नाही, मग गुण का कापले?’ मी त्याच्यापुढे आकड्यांचा कागद ठेवला आणि पेन दिलं. त्याने लोकसभेपासून सुरुवात केली.